टॅग न टाकता एक्सचेंजवर पाठवलेले एक्सआरपी जमा झाले नाहीत, पैसे परत मिळतील का?

निशिगंध
धाकट्या भावासाठी हा धागा काढते आहे. त्याची दोन भारतीय एक्सचेंजवर खाती आहेत. पहिल्या एक्सचेंजवरचे ६१२ एक्सआरपी त्याने शनिवारी रात्री दुसऱ्यावर पाठवले. पत्ता आधीपासून सेव्ह केलेला होता, पण त्यासोबत टॅग सेव्ह नव्हता. टॅगची चौकट रिकामी असूनही फॉर्म पुढे गेला. पाठवणारं एक्सचेंज 'कम्प्लीटेड' दाखवतंय, घेणाऱ्या एक्सचेंजवर मात्र काहीच आलेलं नाही. हिस्टरीत 'पेंडिंग' म्हणूनसुद्धा नोंद नाही.

पाठवणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात आमचं काम झालं. घेणारे म्हणतात तुमच्या खात्यात अशी कुठलीही डिपॉझिट दिसत नाही. रक्कम आमच्यासाठी लहान नाही. पैसे नक्की कुठे आहेत, आणि परत मिळवायचे तर सुरुवात कुठून करायची?

बाभूळ
माझंही असंच झालं होतं. यूएसडीटी इथेरियमवरून पाठवले आणि समोरच्याने बीएनबी चेनचा पत्ता दिला होता. नेटवर्क चुकलं की पैसे गेलेच समजा. आधी नेटवर्क तपासा.

पाणवठा
बाभूळ, तो वेगळा प्रकार आहे. इथे नेटवर्क बरोबर आहे, पत्ताही बरोबर आहे. राहिला आहे तो फक्त टॅग.

निशिगंध, मी काही वर्षं एका एक्सचेंजच्या डिपॉझिट डेस्कवर काम केलंय. अशी प्रकरणं रोज यायची, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

एक्सआरपीसाठी एक्सचेंज प्रत्येक ग्राहकाला वेगळा पत्ता देत नाही. हजारो ग्राहकांचा पत्ता एकच असतो, r ने सुरू होणारा. कुठला पैसा कोणाचा हे फक्त टॅगवरून कळतं. सोसायटीच्या खात्यात मेंटेनन्स भरला आणि फ्लॅट नंबर लिहिला नाही, तर पैसे सोसायटीकडे पोचलेले असतात पण कोणाच्या नावावर चढवायचे ते खजिनदाराला कळत नाही. तसंच हे. एक्सआरपी त्यांच्या पाकिटात पोचलेत. त्यांची यंत्रणा टॅग वाचून आपोआप जमा करते. टॅगच नाही म्हटल्यावर ती रक्कम 'मालक माहीत नाही' अशा यादीत जाऊन बसते. भावाच्या खात्यात शोधलं तर सापडणार नाही, कारण ती कुठल्याच खात्याला जोडलेली नाही. सपोर्टवाल्याने बघितलं ते भावाचं खातं. ती यादी बघणारे लोक वेगळे असतात.

पहिलं काम म्हणजे पाठवणाऱ्या एक्सचेंजच्या विथड्रॉवल हिस्टरीतून ट्रान्झॅक्शनचा हॅश घ्या, ६४ अक्षरी असतो. तो एक्सआरपीस्कॅन किंवा बिथॉम्पवर टाका आणि कच्ची नोंद उघडून काय दिसतं ते इथे लिहा. पूर्ण हॅश मात्र इथे टाकू नका. कारण नंतर सांगतो.

झुळूक१२
एवढं लांबण लावायची गरज नाही. त्याच पत्त्यावर १ एक्सआरपी बरोबर टॅग टाकून परत पाठवा. सिस्टीमला पाठवणारा पत्ता कळला की आधीचेही जमा होतात. माझ्या मित्राचे असेच झाले.

निशिगंध
पाणवठा, मनापासून आभार. नोंद अशी दिसते आहे, पत्ते काढून टाकलेत:

```
"TransactionType": "Payment",
"Amount": "611750000",
"Fee": "10",
"TransactionResult": "tesSUCCESS"
```

दोन गोष्टी कळल्या नाहीत. रक्कम ६१ कोटी का दिसते? आणि वेळ १७:१० दिसते, भावाने पाठवले ते रात्री पावणेअकराच्या सुमारास.

झुळूक, तुमच्या मित्राने पाठवले ते एक्सचेंजवरून की स्वतःच्या वॉलेटमधून?

पाणवठा
रक्कम 'ड्रॉप'मध्ये लिहिलेली असते. १ एक्सआरपी म्हणजे १० लाख ड्रॉप. म्हणजे पोचले ६११.७५ एक्सआरपी. उरलेले ०.२५ पाठवणाऱ्या एक्सचेंजने विथड्रॉवल फी म्हणून कापलेत. खाली Fee दिसते ते १० ड्रॉप म्हणजे नेटवर्कची फी, अगदी नगण्य. वेळ यूटीसीतली आहे, तिच्यात साडेपाच तास मिळवा म्हणजे रात्रीचे १०:४० होतात. सगळं जुळतंय.

या नोंदीत जे नाही तेही बघा. टॅग दिला असता तर DestinationTag अशी एक ओळ असती. ती नाही, म्हणजे टॅग खरोखरच गेलेला नाही. कधी कधी ग्राहकाला वाटतं राहिला आणि प्रत्यक्षात तो गेलेला असतो, पण चुकीचा. ते प्रकरण याहून कठीण असतं. तुमचं सोप्यातलं आहे.

आता भावाने टिकिटात काय लिहिलंय ते सांगा. रक्कम ६१२ लिहिली असेल आणि वेळ १०:४० अशी, 'भारतीय वेळ' असं न लिहिता, तर 'सापडत नाही' हे उत्तर कुठून आलं ते मला कळतंय. यादीत ६१२ ची नोंदच नाही, आहे ती ६११.७५ ची.

झुळूक, तुमच्या मित्राचं काम झालं असेल यावर माझा विश्वास आहे. पण ते आपोआप झालेलं नसणार. स्वतःच्या वॉलेटमधून पाठवलं असेल, तर त्याच r पत्त्यावरून योग्य टॅगसह छोटी रक्कम पाठवून 'हा पत्ता माझाच आहे' असं सिद्ध करता येतं, आणि काही एक्सचेंज ते स्वतःच मागतात. मग तिथला माणूस दोन्ही नोंदी ताडून हाताने जमा करतो. इथे पैसे एक्सचेंजच्या सामायिक पाकिटातून निघालेत. त्या पाकिटातून दररोज असंख्य ग्राहकांचे पैसे बाहेर जातात. तिथून आणखी १ एक्सआरपी पाठवला तर तो एक ग्राहक आहे, एवढंच कळेल. निशिगंध, त्यांनी मागितल्याशिवाय दुसरी रक्कम पाठवू नका.

झुळूक१२
मित्राने मोबाईलमधल्या वॉलेटमधून पाठवले होते, आत्ताच विचारलं. सपोर्टशी बोलला होता का ते त्याला आठवत नाही. पण पाठवणारा पत्ता तर नोंदीत आहे ना? जमा करायला जमत नसेल तर घेणाऱ्याने सरळ परत पाठवावेत. एवढी साधी गोष्ट का करत नाहीत?

निशिगंध
हो, हाच प्रश्न आमच्या घरीही सगळे विचारतायत. आणि हो, टिकिटात ६१२ च लिहिलं होतं.

पाणवठा
समजा त्यांनी ६११.७५ परत पाठवले. ते जाणार पहिल्या एक्सचेंजच्या सामायिक पाकिटात. तिथेही ग्राहक टॅगवरूनच ओळखला जातो, आणि परत येणाऱ्या पैशावर टॅग कुठला लावणार? घेणाऱ्याला भावाचा तिथला टॅग माहीत नाही. म्हणजे पैसे एका यादीतून निघून दुसऱ्या यादीत अडकतील आणि तुम्हाला दोन एक्सचेंजच्या मागे धावावं लागेल. शिवाय बरीच एक्सचेंज पैसे बाहेर पाठवायला जे पाकीट वापरतात त्यावर येणाऱ्या रकमा ग्राहकांच्या खात्यात चढवतच नाहीत. एक्सआरपी लेजरमध्ये पाठवणाऱ्याची खूण ठेवायला SourceTag नावाची जागा आहे. ती नेमकी याचसाठी आहे, की पैसे परत करायचे झाले तर हा आकडा टॅग म्हणून लावा. पाठवणाऱ्याने ती भरली असती तर झुळूक म्हणतात ते शक्य होतं. निशिगंधनी टाकलेल्या नोंदीत ती ओळ नाही.

आता हॅश इथे का टाकू नका म्हटलं ते. लेजर सगळ्यांना उघडं आहे. कुठल्याही मोठ्या एक्सचेंजचा पत्ता एक्सप्लोररवर उघडा आणि टॅग नसलेल्या रकमा शोधा, कोणालाही सापडतात. म्हणजे हॅश, रक्कम, वेळ या तिन्ही गोष्टी सांगणारा माणूस मालकच असेल असं नाही. आमच्या डेस्कवर दुसऱ्याच्याच रकमेवर दावा सांगणारी टिकिटं यायची. म्हणून एक्सचेंज पुरावा मागतं, आणि लोकांना वाटतं मुद्दाम छळतायत. लेजरवर दिसत नाही असं काहीतरी त्यांना हवं असतं. तुमच्या बाबतीत ते म्हणजे पाठवणाऱ्या एक्सचेंजमध्ये लॉगिन केल्यावरच दिसणारं विथड्रॉवलचं पान.

नवं टिकीट असं करा. विषयात 'एक्सआरपी डिपॉझिट, टॅग दिलेला नाही' एवढंच. आत हॅश, लेजरवरची रक्कम ६११.७५, वेळ यूटीसी आणि भारतीय दोन्ही, ज्या पत्त्यावर गेले तो पत्ता, आणि भावाच्या खात्याचा खरा टॅग. सोबत सलग स्क्रीन रेकॉर्डिंग. ब्राउझरमध्ये पाठवणाऱ्या एक्सचेंजचं पान उघडून रिफ्रेश करायचं, प्रोफाइलवर नाव आणि ईमेल दाखवायचं, तिथून विथड्रॉवल हिस्टरीत जाऊन ती नोंद उघडायची आणि हॅश पूर्ण दाखवायचा. मध्ये कट नको. नुसते स्क्रीनशॉट बदलता येतात म्हणून बरेचदा ते नाकारले जातात. रेकॉर्डिंगमध्ये पासवर्ड, ओटीपी यायला नको. दोन्हीकडे केवायसीवर नाव एकच आहे ना? असेल तर काम बरंच हलकं होतं.

आधी त्यांच्या हेल्पमध्ये 'मिसिंग टॅग' किंवा 'डिपॉझिट रिकव्हरी' असा वेगळा फॉर्म आहे का बघा. असेल तर तोच भरा. चॅटवरच्या माणसाच्या हातात हे नसतं.

गोदाकाठ
पाणवठा, तुम्ही 'याहून कठीण' म्हणालात तो प्रकार माझा आहे. स्वतःच्या वॉलेटमधून २१५ एक्सआरपी पाठवले, टॅगमध्ये शेवटून दुसरा आकडा चुकला. एक्सचेंज म्हणतं की ती रक्कम दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यात जमा झाली आहे आणि त्याच्या संमतीशिवाय आम्ही काढू शकत नाही. त्याचं नाव सांगत नाहीत. हे बरोबर आहे का?

पाणवठा
नाव सांगणार नाहीत, ते बरोबरच आहे. बाकीचं अवघड आहे. टॅग हा साधा आकडा आहे, ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर पत्ता अवैध ठरतो, कारण त्यात पडताळणीचे अंक गुंफलेले असतात. टॅगमध्ये तसं काही नाही. चुकलेला आकडा कोणालाच दिलेला नसेल तर रक्कम टॅग नसल्यासारखीच यादीत थांबते आणि परत मिळू शकते. तुमचा आकडा कोणाचा तरी निघाला. त्या माणसाचं खातं एक्सचेंजकडे आहे, तेव्हा निदान वादातली रक्कम गोठवा अशी लेखी मागणी करा. त्याने विकून पैसे काढले असतील तर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाठवणारा पत्ता तुमचा आहे, त्यामुळे पुरावा भक्कम आहे. सही केलेला संदेश किंवा छोटी रक्कम, जे मागतील ते द्या.

पत्ता आणि टॅग एकत्र बांधणारा, X ने सुरू होणारा पत्ता २०१९ मध्ये आला. त्यात टॅग चुकला तर पत्ताच अवैध ठरतो. पण एक्सचेंजनी तो फारसा उचलला नाही, आणि याची मला खरंच चीड येते.

बाभूळ
१९३० वर फोन करा. सायबरवाले खातं लगेच गोठवतात.

जमाखर्च
१९३० ही आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. निशिगंध यांच्या प्रकरणात फसवणूक झालेली नाही, त्यामुळे तिथे काही होणार नाही. एक्सचेंज उत्तरच देत नसेल तर आधी त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी ईमेल करावी, नंतर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ नका, तो त्यांच्या नियमनाखालच्या संस्थांसाठी आहे. 'एफआययूकडे नोंदणीकृत' असं एक्सचेंज अभिमानाने लिहितं. ती नोंदणी मनी लाँडरिंग प्रतिबंधासाठी असते, ग्राहकाची तक्रार ते घेत नाहीत.

निशिगंध
नवं टिकीट केलं. वेगळा फॉर्म खरंच होता, हेल्पमध्ये खोल कुठेतरी. रेकॉर्डिंगही जोडलं, दोन्हीकडे नाव एकच आहे.

एक सांगायचं राहिलं. हा धागा काढल्यावर मला दोन खाजगी संदेश आले. एकजण म्हणतो 'मी रिकव्हरी तज्ज्ञ आहे, दहा टक्के द्या, वॉलेट सिंक करून देतो'. त्याने बारा शब्दांचा फ्रेज मागितला. भावाच्या बाबतीत तर असा फ्रेजच नाही.

पाणवठा
त्याची संपादकांकडे तक्रार करा. एक्सचेंजच्या पाकिटातून एक्सआरपी हलवू शकणारं एक्सचेंजशिवाय कोणीही नाही. 'सिंक' करून काही परत येत नाही. गोदाकाठ, तुमच्याकडे स्वतःचं वॉलेट आहे, तुम्ही जास्त सांभाळा. आलेला प्रत्येक मेल एक्सचेंजच्याच डोमेनवरून आलाय का ते बघा.

झुळूक१२
मला एक कळत नाही. टॅग नसेल तर पैसे घ्यायचेच नाहीत, असं एक्सचेंजला करता येत नाही का? सगळा दोष ग्राहकाच्या माथी का?

पाणवठा
करता येतं, आणि या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. एक्सआरपी लेजरवर खात्याला 'टॅग आवश्यक' अशी खूण लावता येते. ती लावलेली असेल तर टॅगशिवाय आलेला व्यवहार `tecDST_TAG_NEEDED` असा अपयशी ठरतो. रक्कम पाठवणाऱ्याकडेच राहते, फक्त नेटवर्कची फी जाते. निशिगंध, घेणाऱ्याचा पत्ता एक्सप्लोररवर उघडून फ्लॅग्जमध्ये `RequireDestTag` दिसतंय का बघा. तुमचा व्यवहार `tesSUCCESS` झालाय, त्यामुळे तेव्हा तरी ती खूण नसणार.

त्या खुणेची मर्यादाही सांगतो. लेजर फक्त टॅग आहे की नाही ते बघतं, तो बरोबर आहे का ते नाही. फॉर्म अडतोय म्हणून लोक ० टाकतात. ० हा लेजरच्या दृष्टीने पूर्ण वैध टॅग आहे, व्यवहार पुढे जातो आणि पुन्हा तीच यादी. गोदाकाठ यांच्यासारखं प्रकरणही त्याने थांबलं नसतं. तरीही रिकामी चौकट थांबवायला ती पुरेशी आहे, आणि लावायला एक साधा व्यवहार लागतो. जे एक्सचेंज ती लावत नाही आणि वर रिकव्हरीची फी घेतं, त्याचं समर्थन मी करणार नाही.

निशिगंध
बघितलं. तिथे `RequireDestTag` नाही. भावाने टिकिटात ही गोष्टही लिहिली आणि या कारणाने फी माफ करा अशी विनंती केली.

गोदाकाठ
माझं अपडेट. एक्सचेंजने त्या दुसऱ्या ग्राहकाला मेल केल्याचं कळवलंय. गोठवलं का, याचं उत्तर टाळतायत. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं आहे.

निशिगंध
आज भावाच्या खात्यात ५९१.७५ जमा झाले! २० एक्सआरपी रिकव्हरी फी कापली. माफीच्या विनंतीवर एक ओळही लिहिलेली नाही. तरी घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाणवठा, तुम्ही ६११.७५ चं लक्षात आणून दिलं नसतं तर आम्ही अजून ६१२ शोधत बसलो असतो.

जमाखर्च, हे २० एक्सआरपी नंतर विकताना खर्च म्हणून दाखवता येतील का?

जमाखर्च
आधी एक चांगली गोष्ट. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात पाठवणं म्हणजे विक्री नाही, त्यामुळे ६१२ वर कर किंवा १ टक्का टीडीएस लागण्याचा प्रश्न नाही. मात्र विकताना ३० टक्के दराच्या हिशेबात खरेदी किमतीखेरीज कुठलीही वजावट मिळत नाही. रिकव्हरी फी ही खरेदीची किंमत नाही. माझ्या मते मिळणार नाही.

झुळूक१२
पण ते २० तर विकलेलेच नाहीत, ते गेले. मग त्यांची खरेदी किंमत उरलेल्या ५९१.७५ वर का वाटू नये?

जमाखर्च
तुमचा युक्तिवाद समजतो. उलट बाजूने, सेवेच्या मोबदल्यात २० एक्सआरपी दिले म्हणजे तेवढ्यांचं हस्तांतर झालं, असंही कोणी म्हणू शकेल, आणि मग त्या २० वरच्या नफ्यावर कर. मी ठाम सांगणार नाही. निशिगंध, फी कापल्याचा मेल आणि टिकिटाची पूर्ण प्रत पीडीएफ करून ठेवा. विवरणपत्र भरताना तुमच्या सीएला ते लागेल.

गोदाकाठ
पाणवठा, त्यांनी आता माझ्याकडे सही केलेला संदेश मागितलाय. संदेशात काय लिहायचं ते त्यांनी सांगायचं असतं की मी?

पाणवठा
त्यांनीच. त्यांच्याकडून नेमका मजकूर मागा, त्यात टिकीट क्रमांक आणि तारीख असू दे. सही वॉलेटमध्येच करायची, फ्रेज कुठल्याही वेबसाइटवर टाकायचा नाही. तुमचं वॉलेट संदेशावर सही करू देत नसेल तर तसं कळवा आणि छोट्या रकमेचा पर्याय मागा. तो व्यवहार करताना टॅग त्यांच्या डिपॉझिटच्या पानावरून कॉपी करा.